ट्रक रात्री उशिरा आला, पडदा दुपारी काळा झाला

२०२३ च्या जुलैमधला शनिवार. पुण्यात बाणेरच्या बाजूला एक दिवसाची परिषद, २८० माणसं, मंच एकच. माझ्याकडे शो कॉलिंग होतं, म्हणजे मिनिट-टू-मिनिट पत्रक हातात धरून प्रत्येक क्यू, म्हणजे कधी काय सुरू करायचं याची खूण, मीच द्यायची. दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी महावितरणची लाइट गेली आणि बारा सेकंदांत जनरेटरने भार घेतला. जनरेटर येताच माइकचा आवाज परत आला, वक्ते बोलत राहिले. पण एलईडी वॉल, म्हणजे मंचावरचा मोठा पडदा, काळी पडली आणि चित्र यायला जवळपास दोन मिनिटं लागली. या दोन मिनिटांचं कारण आदल्या रात्रीच्या एका ओळीत होतं.

आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम असल्यामुळे ताबा रात्री ११ ला मिळणार होता. सामान वर न्यायला लिफ्ट एकच, म्हणून व्हेंडरांच्या वेळा एकामागून एक लावल्या होत्या. ११.१५ ला ट्रस, १२.३० ला एलईडी, २ ला साउंड, ४ ला कार्पेट आणि खुर्च्या, ७ ला केटरर. हा क्रम सोयीपुरता नसतो. ट्रस म्हणजे मंचावरचा धातूचा सांगाडा. तो उभा करायला शिडी आणि मोकळी जमीन लागते, म्हणून तो पहिला. वॉलसाठीही मंचासमोर जागा रिकामी हवी, कारण पेटारे तिथेच उघडतात आणि वॉलचा एकेक चौकोनी तुकडा, म्हणजे कॅबिनेट, तिथूनच वर जातं. आमची वॉल पाच मीटर बाय अडीच मीटरची होती. अर्ध्या मीटरची चौरस कॅबिनेट धरली तर दहा रांगेत आणि पाच उंचीला, म्हणजे पन्नास. चार माणसांना जोडणी आणि केबलिंग धरून तीन तास लागतात. खुर्च्या आधी लागल्या, तर त्या पुन्हा उचलाव्या लागतात.

एलईडीचा ट्रक १२.३० ऐवजी ३.१० ला आला. त्यांचं सामान त्या रात्री शहरातल्याच दुसऱ्या कार्यक्रमावर होतं आणि तो लांबला. पत्रकात त्यांची पोहोचण्याची वेळ होती, पण सामान निघणार कुठून, हे लिहिलेलं नव्हतं. गोदामातून येणारा ट्रक आणि दुसऱ्या मंचावरून उतरवून येणारा ट्रक यांत मोठा फरक असतो. दुसऱ्याची वेळ तिथल्या शेवटच्या भाषणावर ठरते.

४ वाजता खुर्च्यांचा टेम्पोही दारात उभा राहिला. लिफ्ट एलईडीच्या पेटाऱ्यांना दिली आणि अधल्यामधल्या फेऱ्यांत खुर्च्या वर घेतल्या. हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात कार्पेट टाकून तिथल्या रांगा लावून घेतल्या, पुढचा भाग वॉल होईपर्यंत मोकळा ठेवला. त्यामुळे नोंदणीची ८.३० ची वेळ वाचली. वॉल ६.४० ला पेटली. पण ६.३० ला पत्रकात एक ओळ होती : ‘मेन स्विच पाडून चाचणी, १० मिनिटं’. वॉल तयार नव्हती, ७ च्या आत साउंड चेक सुरू व्हायला हवा होता, म्हणून ती ओळ मी गाळली.

सकाळी आणखी एक अडचण आली, पण तिची तयारी नीट झालेली होती. बीजभाषणाचे वक्ते मुंबईहून एक्सप्रेसवेने येणार होते आणि भाषण ९.४५ ला होतं. उर्से टोल नाक्यापासून हॉल चाळीस मिनिटांवर. लेपल माइक लावणं, स्लाइड तपासणं यांना पंधरा मिनिटं. म्हणजे ८.५० ला तरी गाडी उर्सेला असायला हवी. सत्रांची अदलाबदल करायची तर मंच बदलायला आणि लोकांना कळवायला वीस मिनिटं लागतात. म्हणून पत्रकात लिहिलं होतं : ‘८.३० पर्यंत उर्से ओलांडलं नाही, तर बीजभाषण १०.३० ला, परिसंवाद ९.४५ ला. निर्णय शो कॉलरचा, सचिवांना कळवायचं.’ शनिवार, त्यात पाऊस. ८.३० ला गाडी बोरघाटातच होती.

परिषदेच्या सचिवांचं म्हणणं होतं, आणखी पंधरा मिनिटं वाट पाहू. मी त्यांना ती ओळ दाखवली आणि बदल केला. तो जमला याचं कारण, दोन्ही सत्रं पंचेचाळीस मिनिटांचीच ठेवलेली होती, त्यामुळे ११.१५ चा चहा हलला नाही. परिसंवादाच्या चौघांना आधीपासूनच ९.१५ ला बोलावलं होतं आणि चौघंही पुण्यातलेच होते. चार खुर्च्या, चार हँड माइक आणि नावांच्या पाट्या विंगेत तयार होत्या. बाहेरगावच्या वक्त्याला पर्याय म्हणून बाहेरगावचाच वक्ता ठेवला, तर तो पर्याय राहत नाही. गाडी उर्सेला ९.१० ला आली, वक्ते हॉलवर ९.५० ला. थांबलो असतो तर भाषण १०.०५ ला सुरू झालं असतं आणि ती वीस मिनिटं जेवणापर्यंत मागे लागली असती.

चहाची वेळ हलू द्यायची नाही, कारण तिथे माणसांचा हिशेब असतो. एका काउंटरवरून मिनिटाला साधारण दहा-बारा कप जातात. २८० जणांना एकच काउंटर ठेवला तर पंचवीस मिनिटं, तीन ठेवले तर आठ-नऊ. आमचा ब्रेक वीस मिनिटांचा होता, म्हणून तीन काउंटर, आणि एकही दारासमोर नाही. दारात रांग लागली की आतली माणसं बाहेर येऊ शकत नाहीत.

आता दुपारचं. जनरेटरने भार घेईपर्यंतचे ते बारा सेकंद फार नाहीत. पण वीज गेल्यावर डिजिटल मिक्सर, व्हिडिओ स्विचर आणि वॉलला चित्र पाठवणारा प्रोसेसर बंद पडतात, आणि पुन्हा सुरू होऊन चित्र जुळायला मिनिटं जातात. म्हणून ही तीन यंत्रं आणि स्लाइडचा लॅपटॉप दोन केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसवर असतात. वॉलची कॅबिनेट यूपीएसवर घेत नाहीत, भार झेपत नाही. पण प्रोसेसर जिवंत असला की कॅबिनेटना वीज मिळताच चित्र काही सेकंदांत परत येतं. त्या रात्री घाईत प्रोसेसरची पिन शेजारच्या साध्या बोर्डात गेली होती. दोन्ही बोर्ड काळे, सारखे दिसणारे, चिठ्ठी कुठेच नाही. ६.३० ला मेन स्विच पाडला असता तर हे दहा मिनिटांत उघड झालं असतं. लाइट सुरू असताना चुकीची पिन कधीच दिसत नाही.

२.३५ ला मी वॉकीवर दोनच गोष्टी सांगितल्या : वक्त्यांना बोलत राहू द्या, आणि मंचावरचा पांढरा दिवा वाढवा, म्हणजे लोकांची नजर माणसावर राहील. सूत्रसंचालकाला मंचावर पाठवलं नाही. आवाज सुरू असताना कुणी येऊन दिलगिरी व्यक्त केली, की दोन मिनिटांची पाच होतात आणि वक्त्याचा धागा तुटतो. चित्र यायच्या आधीच आमच्या माणसाने प्रोसेसरची पिन यूपीएसच्या बोर्डावर घेतली.

समारोप ५.३५ ला संपला, ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं उशिरा. पत्रकाच्या उजव्या रकान्यात प्रत्यक्ष वेळा लाल पेनने भरल्या आणि पुढच्या पत्रकात तीन बदल केले. प्रत्येक व्हेंडरपुढे ‘सामान कुठून निघणार’ हा रकाना आला. यूपीएसच्या बोर्डांवर लाल टेप लावायची ओळ आली. आणि मेन स्विच पाडायची चाचणी साउंड चेकच्या आधीची काढून साउंड चेकच्या मधोमध टाकली. रात्रीचं काम लांबलं तरी साउंड चेक कुणी गाळत नाही, त्यामुळे चाचणीही गळणार नाही.