पाळीचा बारावा दिवस, तिसरी सोनोग्राफी
सकाळच्या बसने म्हापशाहून पणजीला. डॉक्टर मॅडमनी उजव्या अंडाशयातल्या काळ्या गोलावर दोन रेघा ओढल्या. आडवी 19, उभी 17, म्हणजे सरासरी 18 मिमी. हा फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, परवा 14 होता. रोज साधारण 2 मिमी वाढतो. बीज सुटायचं इंजेक्शन द्यायला एवढा आकार पुरे.

माझा जीव मात्र गर्भाशयाच्या अस्तरात अडकलेला. गेल्या महिन्यात फॉलिकल मोठा होऊनही ते 5.5 वरच राहिलेलं, गोळ्यांमुळे असेल म्हणून मॅडमनी या वेळी त्या बदलल्या. आज 8 मिमी, आणि अस्तराच्या तीन रेघा स्पष्ट. मी स्वतः मोजल्या. "फॉलिकलच्या आत बीज आहे की नाही, ते सोनोग्राफीत दिसत नाही हं," मॅडमनी हळूच सांगितलं.

इंजेक्शन रात्री 10 वाजता. नवऱ्याने आत्तापासूनच गजर लावलाय.