यादीत 60 नावं, ओतायच्या किती?

"यादीत 60 नावं आलीत. म्हणजे 60 मेणबत्त्या ओतू ना?" घरी सोयावॅक्सच्या मेणबत्त्या करणाऱ्या आणि विक्रीआधी इच्छुकांची नावं लिहून घेणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न आज डोक्यातून जाईना.

प्रश्न रास्तच आहे. सोयावॅक्समध्ये सुगंध नीट मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे आकडा विक्रीच्या आधीच ठरवावा लागतो. 180 ग्रॅमची एक धरली, तर 60 म्हणजे जवळपास 11 किलो माल.

पण नाव द्यायला काय जातं? म्हणून ओतण्याआधी सगळ्यांना विचारायचं: मोगरा की चंदन, किती नग, पिनकोड काय. आणि 50 रुपये आगाऊ, नंतर किमतीतून वजा. जेवढ्यांचे पैसे येतील तेवढ्याच ओतायच्या, वर चार-पाच जास्त. एखादीचा वरचा थर खडबडीत निघतोच.

अजून एक गोम आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. 'विक्री सुरू' लिहूनही निम्मे गप्प राहतात, ते अनेकदा यामुळे.

तुमच्या यादीतल्या किती जणांनी नंबर सेव्ह केलाय, विचारलंय कधी?