प्रॅक्टिकल ट्रेनिंग मधेच सोडताना लिहिलेलं पत्र

बी.आर्क.च्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी मी पुण्यातल्या एका आर्किटेक्टकडे लागले होते. ऑफिस छोटं, माणसं चांगली, स्टायपेंड वेळेवर. तरीही लॉगबुक भरताना माझ्या लक्षात येऊ लागलं की प्रत्येक आठवड्याखाली मी त्याच ओळी लिहिते आहे: महापालिकेच्या मंजुरीच्या ड्रॉइंगमधले लेयर लावणं, एरिया स्टेटमेंटमध्ये आकडे भरणं, पीडीएफ काढणं, प्रिंटच्या घड्या घालणं.

मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये शिकण्यासारखं काही नसतं, असं मी अजिबात म्हणणार नाही. २०२० ची यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, समोर ठेवून एखाद्या प्लॉटचा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं, ते स्वतः काढलं, तर खूप काही कळतं. जिना, लिफ्ट, बाल्कनी हे सगळं एफएसआयमध्ये धरलं जातं आणि त्यासाठीच रहिवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे अशा पूरक भागांसाठीचा जादा एफएसआय मिळतो. हे कळलं की प्लॅन बघण्याची नजरच बदलते. मला मात्र आकडे तयार मिळायचे. कुठून आले विचारलं, तर सीनियर म्हणायचे, "आत्ता भरून टाक, सबमिशन झालं की सांगतो." एक सबमिशन झालं की दुसरं उभं असायचंच. साइट व्हिजिटसाठी मी सरांना दोनदा विचारलं होतं. सुरू असलेल्या साइटवर देखरेख दुसऱ्या कन्सल्टंटकडे होती, त्यामुळे तेही जमण्यासारखं नव्हतं.

पत्र लिहिण्याआधी मी कॉलेजच्या ट्रेनिंग कोऑर्डिनेटर मॅडमना भेटले. आधी राजीनामा देऊन मग त्यांना कळवलं असतं, तर झालेले आठवडे धरायचे की नाही, यावरच घोळ झाला असता. मॅडमनी सांगितलं की आमच्या कॉलेजात ट्रेनिंग दोन ऑफिसांत विभागता येतं, पण बदलाचा अर्ज आधी मंजूर झाला पाहिजे. त्याला नव्या आर्किटेक्टचं पत्र जोडायचं आणि त्या पत्रावर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक हवा. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे असतात, त्यामुळे हे ज्यानं त्यानं आपल्याकडे विचारून घ्यावं. नवं ऑफिस मिळाल्यावर मी ऑफर लेटर पुन्हा वाचलं. त्यात पंधरा दिवसांची नोटीस होती.

मग पत्र. पहिल्या मसुद्यात "मला इथे काही शिकवलं गेलं नाही" असं वाक्य होतं. ते मी काढलं, कारण त्यावर वाद घालता येतो आणि वाचणाऱ्याला तो आरोप वाटतो. लॉगबुकात जे लिहिलेलं आहे, त्यावर त्याच सरांची सही आहे. म्हणून कारण तिथूनच उचललं. पत्र इंग्रजीत होतं, मजकूर साधारण असा:

"आदरणीय सर, ट्रेनिंगच्या काळात माझं काम प्रामुख्यानं मंजुरीच्या ड्रॉइंगचं ड्राफ्टिंग आणि प्लॉटिंग असं राहिलं, हे लॉगबुकात नोंदलेलं आहे. या ट्रेनिंगमध्ये वर्किंग ड्रॉइंग, डिटेलिंग आणि साइटवरचं काम यांचाही अनुभव घेणं कॉलेजला अपेक्षित आहे. आपल्याशी बोलल्यावर सध्याच्या प्रकल्पांमध्ये ते शक्य नसल्याचं कळलं. म्हणून नोटीसचा काळ पूर्ण करून मी ट्रेनिंग थांबवू इच्छिते. माझ्याकडच्या फायलींची यादी सोबत जोडली आहे. पूर्ण केलेल्या काळाचं प्रमाणपत्र मिळावं, ही विनंती."

नव्या ऑफिसचं नाव पत्रात घातलं नाही, त्याची तिथे गरज नव्हती. फायलींच्या यादीवर मात्र मी बराच वेळ दिला: प्रत्येक ड्रॉइंगचं नाव, चालू रिव्हिजन, एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फायली, कुठल्या फोल्डरमध्ये आहेत आणि काय राहिलंय. एक्सरेफचा पाथ तुटला, तर पुढच्या माणसाला उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये बेस प्लॅनच दिसत नाही.

पत्र मेलवर पाठवण्याआधी सरांच्या केबिनमध्ये जाऊन हातात दिलं. ते नाराज झाले. म्हणाले, "अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच हेच करावं लागतं." मी म्हटलं, "सर, ते मला मान्य आहे. पण माझ्याकडे एकच सेमिस्टर आहे." ते थोडा वेळ पत्र बघत राहिले आणि मग यादी मागितली. ती वाचल्यावर बोलणं सोपं झालं. पुढचा अर्धा तास आम्ही कुठली फाइल कोणाकडे जाणार, एवढंच ठरवत होतो.

प्रमाणपत्राच्या कच्च्या मजकुरात "ट्रेनिंग अपूर्ण सोडलं" असे शब्द आले होते. मी ऑफिसातल्या मॅडमना विनंती केली की फक्त कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि कामाचं स्वरूप एवढंच लिहा. पूर्ण की अपूर्ण हे दोन्ही ऑफिसांचा काळ मिळून कॉलेज ठरवेल. त्यांनी सरांना विचारून बदल केला. लॉगबुकातल्या राहिलेल्या सह्या त्याच दिवशी घेतल्या. नव्या ऑफिसात मी पुढच्या सोमवारी रुजू झाले, म्हणजे दोन्ही प्रमाणपत्रांवरच्या तारखा एकमेकींवर येत नाहीत. कोऑर्डिनेटर मॅडमनी फाइल घेताना सगळ्यात आधी तेच तपासलं.