ऑगस्टमध्ये काढलेल्या चार्टवर डिसेंबर

दुपारी चॅटवर एक स्क्रीनशॉट येऊन पडला आणि खाली एकच ओळ: "हे विचित्र का दिसतंय?" पाठवणारी सपोर्ट विभागात नव्यानेच रुजू झालेली मुलगी. डेटा कशाचा, फाइल कुठली, काय अपेक्षित होतं, काहीच नाही. अशा मेसेजचा मला राग येत नाही. नक्की काय विचित्र आहे हे ज्याला शब्दांत मांडता येतं, त्याला बहुतेक वेळा उत्तरही सापडलेलं असतं.

स्क्रीनशॉटमध्ये पायथनच्या नोटबुकचा एकच सेल होता, तोही वरून कापलेला. दिसत होती ती फक्त `plt.plot(df['date'], df['calls'])` ही ओळ आणि तिच्याखाली चार्ट. चार्ट कसला, लहान मुलाने पेन न उचलता मारलेल्या रेघोट्या. रेघ डाव्या टोकाला सुरू होऊन वरखाली होत उजव्या टोकापर्यंत जात होती. तिथून एकदम तिरकी मागे फिरून मध्यावर येत होती आणि तिथे थोडी जागा दाट खरडून टाकत होती. मग पुन्हा डावं टोक, पुन्हा उजवीकडचा प्रवास, पुन्हा मध्यावर दाट खरड.

असा चार्ट आला की मी रेघेकडे नंतर बघतो, आधी अक्ष वाचतो. खालच्या अक्षावर `2023-01` पासून `2023-11` पर्यंत खुणा होत्या आणि रेघ शेवटच्या खुणेच्याही पुढे, म्हणजे डिसेंबरात शिरलेली होती. हे सगळं घडत होतं ऑगस्ट २०२३ मध्ये.

मी विचारलं, "डेटा कधीपासून कधीपर्यंतचा आहे?"

"जून आणि जुलै. रोज किती कॉल आले त्याचा."

"मग चार्टवर डिसेंबर कुठून आला?"

थोडा वेळ टाइप करतेय, थांबतेय, पुन्हा टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "अरे हो. पण मला वाटतं रो उलटसुलट झाल्या असतील. सॉर्ट करून बघू का?"

रेघ मागे येतेय म्हणजे क्रम चुकलाय, हा अंदाज चुकीचा नव्हता. चार्ट काढणारं मॅटप्लॉटलिब तारखा क्रमाने लावून घेत नाही. रो ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने बिंदू जोडत जातं. पण रो नुसत्याच विस्कटल्या असत्या तर रेघोट्या सगळीकडे सारख्याच पसरल्या असत्या. इथे मध्यावर दाटी आणि दोन्ही बाजूंना विरळ बिंदू होते. शिवाय कितीही सॉर्ट केलं तरी जून-जुलैचा डेटा डिसेंबरात जात नाही. तरी मी म्हटलं, "कर सॉर्ट आणि काय दिसतं ते पाठव." तिने पाहावं असं काहीतरी त्यात होतं.

`sort_values('date')` करून तिने दुसरा स्क्रीनशॉट पाठवला, आणि तो छान होता. हाच तर धोका. रेघ डावीकडून उजवीकडे शहाण्यासारखी जात होती, एकदाही मागे वळत नव्हती. वर्षभर संथ, जून-जुलैत मात्र भरपूर चढउतार. कोणत्याही मीटिंगमध्ये हा चार्ट लावला असता तर कुणी ना कुणी "पावसाळ्यात कॉलचा गोंधळ वाढतो" असं त्याचं स्पष्टीकरणही दिलं असतं. तिने खाली लिहिलं होतं, "झालं नीट!" चार्टच काढणाऱ्या सीबॉर्नचं `lineplot` वापरलं असतं तर हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नसता, कारण ते आपणहून सॉर्ट करूनच रेघ काढतं. मॅटप्लॉटलिबने ते केलं नाही म्हणून बिघाड उघडा पडला.

मी तिला एक ओळ चालवायला सांगितली:

```python
df['date'].dt.month.value_counts().sort_index()
```

यातून काय येणार याचा अंदाज मला होता, पण उत्तर इतकं स्वच्छ येईल असं वाटलं नव्हतं. जूनमध्ये २० रो, जुलैमध्ये २१, आणि उरलेल्या दहा महिन्यांत प्रत्येकी बरोबर २. एकूण ६१, म्हणजे जूनचे ३० आणि जुलैचे ३१ दिवस. एकही रो हरवलेली नव्हती, एकही तारीख दोनदा आलेली नव्हती, रिकामी जागा नव्हती. म्हणूनच सुरुवातीला केलेल्या नेहमीच्या तपासण्यांत तिला काही सापडलं नव्हतं.

मग मी मूळ सीएसव्हीतल्या पहिल्या पंधरा ओळी मागितल्या, फोटो नको, मजकूर म्हणून. तारखा अशा होत्या: `01/06/2023`, `02/06/2023`, `03/06/2023`. आपण वाचणार एक जून, दोन जून, तीन जून. तारखा वाचणाऱ्या पांडासला मात्र स्पष्ट सांगितलं नाही तर ते पहिला आकडा महिना धरतं. म्हणून एक जूनचा झाला सहा जानेवारी, दोन जूनचा सहा फेब्रुवारी, आणि असं करत बारा जूनचा सहा डिसेंबर. तेरा तारखेला गाडी अडते, कारण तेरावा महिना नसतो. मग त्या एका रोपुरता आकड्यांचा अर्थ उलटा लावला जातो आणि `13/06/2023` बरोबर तेरा जून होतो. तिथून तीस जूनपर्यंत सगळं बरोबर. एक जुलै उजाडला की पुन्हा सात जानेवारीपासून सुरुवात.

चार्टवरच्या रेघोट्यांचा हिशोब इथे पुरा लागतो. डावीकडून उजवीकडे गेलेले दोन प्रवास म्हणजे दोन्ही महिन्यांचे पहिले बारा दिवस, आणि मध्यावरची दाट खरड म्हणजे तेरा तारखेपासूनचे बरोबर वाचलेले दिवस. पहिल्या बारांतही सहा जून आणि सात जुलै सुटले, कारण `06/06` आणि `07/07` कसेही वाचा, तेच. म्हणजे ६१ पैकी २२ तारखा चुकल्या आणि ३९ बरोबर आल्या. सगळ्याच चुकल्या असत्या तर पकडणं सोपं गेलं असतं. `df.head()` मध्ये तर हे आणखीच साळसूद दिसत होतं: सहा जानेवारी, सहा फेब्रुवारी, सहा मार्च, सहा एप्रिल, सहा मे. जणू दर महिन्याच्या सहा तारखेला कुणीतरी मोजणी करत होतं.

राहिला प्रश्न एवढाच, की पांडासने हे होऊ कसं दिलं. एप्रिल २०२३ मध्ये पांडास २.० आलं आणि तेव्हापासून ते पहिल्या तारखेवरून एक साचा ठरवतं. पुढची तारीख त्यात बसली नाही तर सरळ एरर देऊन थांबतं. तिच्याकडे नवीनच आवृत्ती होती. मी म्हटलं, "तुला आधी एरर आली असणार." ती म्हणाली, "आली होती ना. पण त्यातच उपाय लिहिला होता, तो टाकला."

मग तिने स्क्रीनशॉटमधून कापली गेलेली ओळ पाठवली:

```python
df['date'] = pd.to_datetime(df['date'], format='mixed')
```

तिचं खरं होतं. `13/06/2023` हे महिना आधी धरणाऱ्या `%m/%d/%Y` मध्ये बसत नाही असं सांगून पांडास खाली पर्याय सुचवतं, आणि त्यांतला एक `format='mixed'` असतो. त्याचा अर्थ असा की प्रत्येक तारखेचा साचा वेगवेगळा ओळख. म्हणजे नव्या आवृत्तीने बंद केलेलं दार तिने हाताने उघडून दिलं. त्याच संदेशात पहिला पर्याय असतो तो साचा स्वतः सांगण्याचा, पण त्यासाठी आधी फाइल उघडून बघावी लागते, आणि `mixed` नुसतं चिकटवलं की एरर जाते. घाईत माणूस काय निवडणार ते उघड आहे. तिथे सोबत `dayfirst` द्यायचाही सल्ला असतो, तोवर मात्र कुणी वाचत नाही.

मी तिला साचा लिहून दिला: `format='%d/%m/%Y'`. `mixed` सोबत `dayfirst=True` टाकूनही या फाइलचं काम झालं असतं, पण ती नुसती पसंती असते, सक्ती नसते. न बसणारी तारीख आली तर ते एरर न देता उलटं वाचतं. पूर्ण साचा दिला की `06/13/2023` सारखी तारीख आल्याबरोबर थांबतं, आणि मला तेच हवं असतं.

पाच मिनिटांनी मेसेज, "बदललं, पण अजून तसंच आहे."

नोटबुकात हे हमखास होतं. तिने फक्त तोच सेल पुन्हा चालवला होता. `df['date']` मधला मूळ मजकूर मघाशीच पुसला जाऊन तिथे चुकीच्या का होईना, पण तयार तारखा बसल्या होत्या. तयार तारखांच्या कॉलमला `to_datetime` साचा लावून बघतच नाही, आहे तसा परत देतं. एररही येत नाही. `read_csv` पासून सगळं पुन्हा चालवायला सांगितलं, आणि मूळ कॉलम `raw_date` नावाने ठेवून तारखा वेगळ्या कॉलममध्ये करायला.

या वेळी चार्ट बरोबर आला. तरी एक पडताळणी करून घेतली: `df['date'].diff().value_counts()`. उत्तर एकाच ओळीचं, `1 days` साठ वेळा. डेटा रोजचा आहे म्हणून ही तपासणी चालते. मधले दिवस गाळलेले असते तर वारांचा आधार घ्यावा लागला असता. सपोर्टला शनिवार-रविवारी कॉल कमी येतात. चुकीच्या वाचनात चार जूनचा, म्हणजे रविवारचा, नीचांक सहा एप्रिलच्या गुरुवारी जाऊन बसला होता. आता सगळे नीचांक शनिवार-रविवारीच होते.

एक सोडून. एकोणीस जुलैला, बुधवारी, रेघ थेट शून्यावर आली होती. तिने विचारलं, "हे पण तारखेमुळेच का?" नाही. एकोणीस ही तेरापुढची तारीख, ती पहिल्यापासूनच बरोबर वाचली गेली होती. हा खड्डा पहिल्या स्क्रीनशॉटमध्येही होता, फक्त त्या खरडीत दिसत नव्हता. मी म्हटलं, याचं उत्तर कोडमध्ये नाही, तुमच्या टीम लीडला विचार. संध्याकाळी तिने कळवलं, त्या दिवशी टेलिफोनची लाइन सकाळपासून बंद होती, पण ते कुठे नोंदवलेलंच नव्हतं.