छत्तीस सेंटिमीटरची अडचण

पैसे मिळवून देणारे माझे पहिले लेखनकाम एका छोट्या व्यवसायासाठी होते. कॅनव्हासच्या पिशव्या आणि पाठीवरच्या बॅगा शिवणाऱ्या एका बाईंच्या संकेतस्थळावर सहा उत्पादनांची वर्णने लिहायची होती. त्याआधी मी सरावासाठी काल्पनिक दुकानांची वर्णने लिहून नमुने जमवले होते आणि ते वाचूनच बाईंनी मला विचारले होते. त्यांनी सर्व बॅगांची छायाचित्रे आणि मापांचा तक्ता पाठवला. आधी एकच वर्णन लिहून द्यायचे, त्याचे पैसे लगेच घ्यायचे, दोनदा दुरुस्ती करून द्यायची आणि पटले तरच उरलेली पाच, असे आमचे ठरले होते.

मी लॅपटॉपच्या बॅगेपासून सुरुवात केली. ‘रोजच्या धावपळीत साथ देणारी, टिकाऊ आणि देखणी बॅग’ अशा वाक्यांनी दीडशे शब्द भरले. बाईंनी ते वाचून फोन केला आणि विचारले, “बॅगेचे नाव झाकून वाचा बरं; ही आमचीच बॅग आहे हे कशावरून कळेल?” मी नाव झाकून वाचले. ते वर्णन छत्रीलाही चालले असते.

त्या पुढे म्हणाल्या, “आणि तुम्ही लिहिलंय, पंधरा इंची लॅपटॉप आरामात बसतो. आमच्याकडे परत येणाऱ्या बॅगा त्याच कारणाने येतात.” ते वाक्य मी तक्त्यातील ३८ सेंटिमीटर या रुंदीवरून बिनदिक्कत लिहिले होते. त्याच संध्याकाळी मी बॅग मागवून घेतली, आणि ती हाती आल्यावर माझा दिवस मोजपट्टीबरोबर गेला.

३८ सेंटिमीटर हे बाहेरचे माप होते. अस्तर, शिवणीत गेलेले कापड आणि कडेचा फोम वजा जाता आतला कप्पा ३५ सेंटिमीटर भरत होता. दुसरीकडे, लॅपटॉपचे इंच पडद्याचा कर्ण सांगतात, यंत्राची रुंदी नव्हे. माझ्याजवळच्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साडेचौतीस सेंटिमीटर रुंद होता, पण भोवतालच्या चौकटीसह ते यंत्र ३६ सेंटिमीटरचे होते. ते कप्प्यात तिरके जात होते आणि चेन बंद होत नव्हती. म्हणजे तक्ता खरा, इंचही खरे, आणि त्यांवरून मी काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

दुसरी शंका वर्णनातल्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाची होती. कापडावर लेप होता हे खरे, पण मी आत कोरा कागद ठेवून पाच मिनिटे वरून पाणी ओतले, तेव्हा कापडाखालचा कागद कोरडा राहिला आणि चेनखालचा भिजला. (हा प्रयोग बाईंना विचारून केला होता, न विचारता करू नये.) त्यानंतर मी बाईंकडे ग्राहकांनी फोनवर आणि संदेशांत विचारलेले प्रश्न मागितले. त्यांत दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते: लॅपटॉप बसेल का, आणि पावसात चालेल का.

नवे वर्णन सत्तर शब्दांत संपले. त्याची सुरुवात अशी होती: ‘लॅपटॉपच्या कप्प्याची आतली रुंदी ३५ सेंटिमीटर आहे. आपला लॅपटॉप पट्टीने मोजून पाहा. तो ३४ सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल, तर चेन सहज लागते. हलक्या सरीत कापड पाणी आत येऊ देत नाही, परंतु चेनमधून पाणी झिरपू शकते, म्हणून जोराच्या पावसात वरून आवरण घालावे.’

बाई बिचकल्या. चेनचे वाक्य वाचून ग्राहक पळतील, असे त्यांना वाटले. माझे म्हणणे असे होते की पळणारा ग्राहक आजही बॅग परत पाठवतोच, फक्त येण्याजाण्याचा खर्च त्यांच्या माथी मारून. बराच वेळ बोलणे झाल्यावर त्यांनी ते वाक्य ठेवले, फक्त आवरण वेगळे विकत मिळते ही ओळ जोडायला सांगितली. ती सूचना माझ्या मूळ मजकुरापेक्षा शहाणी होती.

पैसे मिळाल्यावर मी आणखी एक गोष्ट लेखी मागितली: हे वर्णन माझ्या नमुन्यांत दाखवण्याची परवानगी. पान उद्या बदलू शकते आणि नुसता दुवा मग दुसऱ्याचाच मजकूर दाखवतो, म्हणून मी पानाची पीडीएफ प्रत तारखेसह जपून ठेवली. नमुन्यात माझे फसलेले पहिले वर्णनही बाजूलाच लावले आणि खाली तीन ओळींत काय मोजले ते लिहिले. काल्पनिक दुकानांचे जुने नमुने मी त्याच दिवशी काढून टाकले.

उरलेल्या पाच वर्णनांसाठी बाईंनी तक्ता पाठवलाच नाही. पाचही बॅगा एका खोक्यात भरून पाठवल्या आणि वर चिठ्ठी होती, ‘आतून मोजा.’ नवे वर्णन लागल्यावर लॅपटॉपचे प्रश्न कमी झाले आणि बॅगेचे वजन किती, असे लोक विचारू लागले. ते नव्या वर्णनात लिहायचे माझ्याकडून राहून गेले होते.