आळसांद्याच्या मुळांनी दुरुस्त केलेलं टिपण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भात कापून झालं होतं आणि आमच्या डिचोलीच्या शेतात काका आळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी, पेरत होते. मी नुकतंच पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेलं मातीवरचं पुस्तक वाचून परत केलं होतं. काकांनी सहज विचारलं, "तू एवढं वाचतेस, मग सांग बरं, आळसांदे घेतले की जमिनीला नेमकं काय मिळतं?" मी "नत्र" म्हटलं आणि थांबले. कसं मिळतं, कुठून येतं, काही आठवेना. पुस्तक संपवून पंधरा दिवसही झाले नव्हते.

तोवर माझी पद्धत म्हणजे पेन्सिलीने वहीत वाक्यं उतरवायची आणि अधूनमधून ती चाळायची. चाळताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि घात तिथेच होतो. समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं, काही समोर नसताना आठवणं वेगळं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते.

म्हणून मी उतरवणं बंद केलं. आता प्रकरण संपलं की पुस्तक मिटते, घरातलं एखादं काम उरकते आणि मग न बघता पाच ओळी लिहिते. त्यानंतरच पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त करते. लाल शाई जास्त दिसली म्हणजे प्रकरण नीट कळलेलं नाही, एवढं मला पुरतं. त्या पाच ओळींतून दोन-तीन प्रश्न निघतात. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर.

कार्डांसाठी मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून चार कप्पे केले आहेत. पहिल्या कप्प्यातली कार्डं दुसऱ्या दिवशी बघायची, दुसऱ्यातली आठवड्याने, तिसऱ्यातली तीन आठवड्यांनी, चौथ्यातली दोन महिन्यांनी. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. त्या दिवशीची कार्डं पर्समध्ये टाकते आणि पणजीला जाताना कदंबच्या बसमध्ये उरकते. उत्तर ओठ हलवून पूर्ण म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. "हो, येतंय" म्हणून उलटलं की फुकट. सुरुवातीला एका पुस्तकाची चाळीस कार्डं केली होती. महिन्याभरात इतकी तुंबली की खोक्याकडे बघावंसं वाटेना. आता पुस्तकामागे दहा, त्याहून जास्त नाहीत.

तेच मातीचं पुस्तक पुन्हा आणलं. एका कार्डावर प्रश्न होता: "आळसांदे हवेतला नत्र जमिनीत कसा आणतात?" मागे उत्तर: "मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करतात." हे कार्ड न चुकता तिसऱ्या कप्प्यापर्यंत गेलं. मला वाटलं, हे झालं.

दर आठवड्याला वाचलेली एक गोष्ट हाताने करून बघायची, हा माझा तिसरा नियम. त्या रविवारी मी शेतात गेले. आळसांदे पाचेक आठवड्यांचे होते. रोप ओढलं तर गाठी मातीतच राहिल्या. मग काकांनी कुदळीने मातीच्या ढेकळासकट दुसरं काढलं आणि बादलीत बुडवून हळूहळू धुतलं. मोहरीपासून मिरीएवढ्या गाठी मुळांना बाजूने चिकटलेल्या होत्या. नखाने एक फोडली, आत लालसर गुलाबी. बांधाजवळच्या पिवळट रोपाची फोडली, आत पांढरट. काका म्हणाले, "गाठी तर दोन्हीकडे आहेत. मग हे पिवळं का?"

माझ्या कार्डात याचं उत्तर नव्हतं. घरी येऊन पुस्तक उघडलं तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं: आतून गुलाबी असलेली गाठ काम करते, पांढरी किंवा हिरवट झालेली करत नाही. आणखी एक इशाराही होता. सूत्रकृमी म्हणजे मातीतले बारीक जंत, त्यांच्यामुळेही मुळांना फुगीर गाठी येतात, पण त्या मुळाचाच फुगलेला भाग असतात, बोटाने सुटत नाहीत. नत्राची गाठ बाजूला चिकटलेली असते आणि सहज निघते. पाच ओळींत बसवताना मी हे दोन्ही गाळलं होतं. मग ते अपुरं टिपणच मी खोक्यात घालून पाठ करत होते आणि कार्ड दर वेळी "बरोबर" ठरत होतं. चुकीचं टिपणही याच पद्धतीने तितकंच पक्कं बसतं, हे मला बादलीपाशी कळलं.

जुनं कार्ड फाडून दोन नवी केली. एकावर: "गाठ काम करते आहे हे फोडून कसं ओळखायचं?" दुसऱ्यावर: "नत्राची गाठ आणि सूत्रकृमीची गाठ, बोटाने फरक कसा कळतो?" दोन्ही पहिल्या कप्प्यात गेली. पिवळ्या रोपाच्या गाठी काकांनी बोटाने सोडवून बघितल्या. सगळ्या सुटल्या.