तीस मार्चचं बिल, चार एप्रिलचा माल

कोइमतूरच्या एका पंपवाल्याचं बिल 30 मार्च 2024 चं होतं. किंमत 2 लाख, वर आयजीएसटी 36 हजार. माल सांगलीत दुकानात उतरला 4 एप्रिलला. आमच्या मुलाने टॅलीत बिलाच्या तारखेने खरेदी टाकली आणि मोकळा झाला.

मे महिन्यात सीएंकडच्या बाईंचा फोन आला. "दादा, ढोबळ नफा 14 टक्क्यांवरून 9 वर कसा आला?" विक्री 40 लाखांची. हे 2 लाख खरेदीत धरले होते, पण 31 मार्चला आम्ही मोजलेल्या साठ्यात ते पंप नव्हतेच. नफा नेमका तेवढाच कमी दिसत होता.

मला वाटलं, एक नोंद फिरवली की झालं. कसलं काय! विक्रेत्याचा हिशोबनीस ऐकेचना. "आमच्याकडे मार्चची विक्री, तुम्हीही मार्चच धरा." दोन आठवडे हेच. शेवटी सीएंनी विचारलं, "वाटेत ट्रक उलटला असता तर नुकसान कोणाचं?" एवढा साधा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता, याचा राग अजून आहे. ऑर्डर काढून पाहिली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: दुकानपोच, पोच होईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. म्हणजे 31 मार्चला माल आमचा नव्हताच, खरेदी 2024-25 चीच. ऑर्डर एक्स-फॅक्टरी असती आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात देताच जोखीम आमची झाली असती, तर खरेदी मार्चचीच धरावी लागली असती. मात्र तेव्हा ते पंप 'वाटेतला माल' म्हणून अखेरच्या साठ्यातही घ्यावे लागले असते. एक बाजू घेऊन दुसरी सोडली की आमच्यासारखं होतं.

विक्रेत्याला बिल्टीवरची 4 एप्रिलची पोच आणि ऑर्डरची प्रत पाठवली. त्याच्या खात्यात 31 मार्चला आमच्या नावावर 2,36,000 जास्त दिसतात. त्याने खातं बदललं नाही, पण फरकाचं कारण त्याच्याकडून लिहून घेतलं.

हो, जीएसटीचं राहिलंच. बिल मार्चच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, आलं होतं, पण माल हातात आल्याशिवाय भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. सुदैवाने बाईंनी तेवढं आधीच सांभाळलं होतं: मार्चच्या 3बी रिटर्नमध्ये ते 36 हजार 4(B)(2) च्या रकान्यात उलटवले, एप्रिलच्या 3बी मध्ये 4(A)(5) ला परत घेतले आणि 4(D)(1) ला दाखवले. इथे एक खोच आहे. खरेदी आपण पुढच्या वर्षात धरली तरी क्रेडिटची मुदत बिलाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून आमच्यासाठी ती 30 नोव्हेंबर 2024 होती.

टॅलीत आता व्हाउचरची तारीख 4 एप्रिल आहे, आणि विक्रेत्याच्या बिलाच्या तारखेच्या रकान्यात 30 मार्च. तो रकाना पहिल्या दिवसापासून तिथेच होता.